नोंदवहीतलं पारशी नाव

१९१७ साली बडोद्यातल्या एका पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत एक खोटं नाव लिहिलं गेलं. लिहिणारा सव्वीस वर्षांचा होता. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. झालेली, पीएच.डी.चा प्रबंध सादर झालेला, लंडनमधलं शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धवट राहिलेलं. ज्या महाराजांनी ती शिष्यवृत्ती दिली, त्यांच्याच राज्यात तो करारानुसार नोकरीला आला होता. नोकरी होती. राहायला जागा नव्हती. जागेसाठी भीमराव आंबेडकर काही दिवस पारशी झाले.

बडोद्याची ही हकीकत मराठी वाचकाला सांगायला नको. ती आपल्याला अपमानाची गोष्ट म्हणून पाठ आहे. काठ्या घेऊन आलेली माणसं, कमाठी बागेतले ते तास, डोळ्यांतलं पाणी. माझं लक्ष मात्र दर वेळी त्या नोंदवहीवर अडतं. आपण दुसऱ्याच समाजाचे म्हणून वावरलो, तर नेमकं काय गमवावं लागतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आणि जे गमावलं गेलं, ते आपण सहसा मोजतच नाही.

आधी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वेषांतराचा विचार आंबेडकरांनी स्टेशनवरच केला होता आणि तो बाजूला टाकला होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे सरळ लिहिलं आहे. शहरात हिंदूंची ‘विशी’ म्हणवली जाणारी हॉटेलं होती. तिथं खरं सांगून जागा मिळणार नाही, आणि खोटं सांगितलं तर आज ना उद्या उघडं पडणार, हे त्यांना ठाऊक होतं. अमेरिकेत बरोबर शिकलेले मित्र बडोद्यात होते. पण अस्पृश्याला घरात घेताना ते अवघडतील, अशी शंका होती. मग पारशी धर्मशाळेचं कळलं. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, तिथं आपल्याला कोण अडवणार, असा हिशेब करून ते मोकळ्या मनानं टांग्यात बसले. म्हणजे ते सोंग घ्यायला निघालेच नव्हते. जिथं सोंगाची गरज पडणार नाही, अशी जागा शोधत ते तिथं पोचले होते.

सामान वर पोचलं. त्यांनी कोट वगैरे काढला. तेवढ्यात रखवालदार हातात वही घेऊन वर आला. पारशी माणूस अंगात सदरा घालतो आणि कमरेला कस्ती बांधतो. या माणसाच्या अंगावर दोन्ही नव्हतं. तोवर त्याच्या चेहऱ्यात, बोलण्यात, कपड्यांत रखवालदाराला वावगं काही दिसलं नव्हतं. शरीर काहीच सांगत नव्हतं. सांगितलं ते एका वस्त्रानं आणि एका दोऱ्यानं.

तू कोण, असं त्यानं दरडावून विचारलं. हिंदू, असं उत्तर मिळालं. धर्मशाळा फक्त पारशांसाठी, हे ऐकल्यावर आंबेडकरांपुढे प्रश्न उभा राहिला, आता जायचं कुठं? तुमची हरकत नसेल तर मी राहीन, असं ते म्हणाले. रखवालदाराची अडचण तत्त्वाची नव्हती. वहीची होती. राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्याला ठेवावी लागे आणि त्या वहीत बिगरपारशी नाव चालणार नव्हतं. मग नोंदीपुरतं पारशी नाव घेतो, असा तोडगा आंबेडकरांनीच सुचवला. धर्मशाळेत बरेच दिवस कुणी उतारू आलेला नसावा. चार पैसे सुटतील म्हणून रखवालदार तयार झाला. राहण्या-जेवणाचे रोजचे दीड रुपये ठरले, आणि नाव लिहिलं गेलं.

हा व्यवहार नीट पाहावा. इथं फसवणूक कुणाची झाली? रखवालदाराला सगळं माहीत होतं. त्यालाच पैसे मिळणार होते. नाव त्याच्या वहीसाठी लागत होतं. उतारूला फक्त एक खोली हवी होती. तरीही अक्षर उतारूचं होतं. पुढे जाब विचारला गेला तो अक्षराला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते आंबेडकरांनी तपशिलानं लिहिलं आहे. पहिल्या मजल्यावर त्यांची छोटी खोली आणि शेजारी नळाचं न्हाणीघर. बाकी सगळा मोठा दिवाणखाना. त्यात फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या असला अडगळीचा माल. वीज नाही, तेलाचे दिवेही नाहीत. रखवालदार एक लहान कंदील आणून देई. त्याचा उजेड चार बोटांपलीकडे जात नसे. अंधारात वटवाघळं फडफडत. सकाळी दहाच्या सुमारास ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत जात आणि रात्री आठपर्यंत होता होईल तो बाहेर वेळ काढत. खोलीवर परतायची त्यांना भीती वाटे. परतल्यावर ते वाचत बसत. वाचताना विसर पडे आणि वटवाघूळ फडफडलं की पुन्हा आठवे.

यातला एक प्रसंग मला वटवाघळांपेक्षा जास्त सलतो. त्यांचा भाचा मुंबईहून उरलेलं सामान घेऊन आला. मामाची ही अवस्था पाहून तो मोठमोठ्यानं रडू लागला. आंबेडकरांना त्याला लगेच परत पाठवावं लागलं. इतकंच त्यांनी लिहिलंय, एका वाक्यात. पण विचार करा. परदेशातून वर्षांनी आलेला मामा. भेटायला आलेलं बहिणीचं पोर. आणि त्याला जवळ बसवून घेता येत नाही, कारण त्याचं रडणं जिन्याखाली ऐकू जाईल. आपलं माणूस आपल्यासाठी रडतंय आणि तेच रडणं आपल्याविरुद्धचा पुरावा होतंय. दुसऱ्याच्या नावानं राहणाऱ्याला आधी परक्यांपासून नाही, स्वतःच्या माणसांपासून लपावं लागतं. परके ओळखत नाहीत. ओळखतात ते घरचेच.

अकराव्या दिवशी सकाळी जेवण आटोपून, कपडे करून ते कचेरीला निघत होते. ग्रंथालयातून आदल्या रात्री आणलेली पुस्तकं परत करायची होती, ती गोळा करत होते. जिन्यावर बरीच पावलं वाजली. कुणी उतारू आले असतील म्हणून ते बघू लागले. आली ती डझनभर उंचापुरी, संतापलेली पारशी माणसं. प्रत्येकाच्या हातात काठी. प्रश्नांची सरबत्ती झाली. तू कोण? इथं कशाला आलास? पारशी नाव घ्यायची तुझी हिंमत कशी झाली? धर्मशाळा बाटवलीस.

आंबेडकर गप्प उभे राहिले.

हे गप्प राहणं हेच या गोष्टीचं मर्म आहे. काठ्यांची भीती होतीच. मारून टाकतील, असं त्यांना वाटलं आणि आपल्या नरमाईनं जीव वाचला, असं त्यांनी लिहिलंही आहे. पण गप्प राहण्याचं दुसरंही एक कारण त्यांनी स्वतःच दिलं आहे. सोंग पुढे रेटता येण्यासारखं नव्हतं. ती फसवणूक होती आणि ती उघडी पडली होती, असं ते म्हणतात. स्वतःच्या वागण्याला फसवणूक म्हणणारा हा माणूस पुढे आयुष्यभर कुणाच्याही प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहिला नाही. त्या सकाळी मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

का नव्हतं? पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, मग धर्मशाळा बाटली कशी, हा प्रश्न त्यांना तिथल्या तिथं विचारता आला असता. तो बिनतोड होता. पण तो विचारायला माणूस स्वतःच्या नावानं उभा असावा लागतो. नोंदवहीतल्या नावानं त्यांना खोली दिली आणि त्या बदल्यात हा प्रश्न काढून घेतला. अन्याय होत होता तो त्यांच्यावर. आरोपी म्हणून उभे होते तेही तेच. त्यांनी नोंदवलेल्या प्रश्नांपैकी एकही प्रश्न वही ठेवणाऱ्या रखवालदाराला उद्देशून नाही. अखेर त्यांनी विनंती केली. बंगल्यासाठी अर्ज केलाय, आठवडाभर राहू द्या. संध्याकाळपर्यंत चालता हो, असं उत्तर मिळालं. माणसं गेल्यावर ते सगळ्यांना शिव्याशाप देत रडले. माणसं गेल्यावर. समोर असताना नाही.

भीती, एकटेपण, झोप उडणं, ही किंमत तर आहेच. तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या वंशाचा म्हणून जगणाऱ्याची सर्वांत मोठी हानी ही नाही. तक्रार करण्याचा हक्क तो आधीच गहाण टाकून बसलेला असतो. अपमान झाला तर तो अपमान म्हणून सांगता येत नाही. सांगायला तोंड उघडलं की पहिला कबुलीजबाब स्वतःचाच द्यावा लागतो.

त्याच दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनाही ते कोण आहेत हे माहीत होतं. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्रानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं. मूळचं ब्राह्मण कुटुंब, बायको कर्मठ. आंबेडकर उठले. या दोन नकारांची हकीकत त्यांनी ताठ मानेनं लिहिली आहे. तिथं शरम आहे, पण ती नकार देणाऱ्यांची. धर्मशाळेतल्या प्रसंगात ती त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आली. नकार सारखाच होता. फरक नावाचा होता.

अमेरिकेतही अशी माणसं होती. काळ्या आईबापांची, पण रंग उजळ म्हणून गोऱ्यांत मिसळून गेलेली. तिथं खूण कातडीची होती. कातडी फिकी असली की दार किलकिलं होई. आपल्याकडे कातडीचा उपयोग नाही. महाराष्ट्रात रंगरूपावरून जात ओळखणारा माणूस दहात नऊ वेळा चुकेल. म्हणून आपली चौकशी चेहऱ्यावर थांबत नाही. सदरा आणि कस्ती पाहणारी ती नजर आपण प्रश्नांत उतरवली आहे. पूर्ण नाव काय? गाव कुठलं? गावात घर कोणत्या बाजूला? पाहुणे कुठले? कुलदैवत कोणतं?

आडनाव सांगून भागत नाही, कारण आडनाव वाटलेलं असतं. नगर जिल्ह्यातलं एकच आडनाव घ्या. हिवरे बाजारचे पोपटराव पवार आणि अकोले तालुक्यातल्या धामणगावचे, ‘बलुतं’ लिहिणारे दया पवार. जिल्हा एक, आडनाव एक. पवार मराठ्यांत आहेत, पूर्वाश्रमीच्या महारांत आहेत, पारध्यांतही आहेत. म्हणून पुण्यात खोली बघायला गेलेल्या पवाराला दुसरा प्रश्न येतोच. तिथं नुसतं गप्प राहणं पुरतं. खोटं बोलावंही लागत नाही. समोरचा आपल्या मनानं जात ठरवतो आणि आपण त्याची चूक दुरुस्त करत नाही. बहुतेकांचं वेषांतर इतकंच असतं. दुरुस्त न केलेली एक चूक.

हिवरे बाजारात हे घडू शकत नाही. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या त्या गावात कुणाच्या विहिरीला किती पाणी हे माहीत असतं, तिथं माणूस कुणाचा हे माहीत नसेल कसं? छोट्या गावात कुणी दुसरा होऊ शकत नाही. दुसरं व्हायला अनोळखी माणसं लागतात. दुष्काळाच्या वर्षांत याच भागातली कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली. शहरानं त्यांना मजुरी दिली आणि ओळख पुसायची सोयही दिली. ज्यांना ती सोय नको होती, त्यांना तिचं महत्त्व कळायचं नाही. ज्यांनी ती घेतली, त्यांना तिची फेड माहीत आहे. गावाकडून कुणी आलं की धस्स होतं. वडिलांना फोनवर बोलताना आवाज खाली जातो. लग्नपत्रिका कार्यालयात वाटता येत नाही, कारण पत्रिकेवर वर गणपती आहे की बुद्ध, हे पहिल्यांदा पाहिलं जातं. बडोद्याला आलेला भाचा असा अजून येत असतो आणि त्याला अजून परत पाठवलं जातं.

मुंबईनं याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण दिलं आहे. मर्ल ओबेरॉन ही हॉलिवूडची तारका १९११ साली मुंबईत जन्मली. जिनं तिला वाढवलं ती शार्लट मूळची सिलोनची, सावळी. स्टुडिओनं मर्लचा जन्म टास्मानियाचा ठरवला आणि मर्लनं तो जवळजवळ शेवटपर्यंत चालवला. शार्लट इंग्लंडमध्ये तिच्याबरोबर राहत होती तेव्हा ती मोलकरीण असल्याचं भासवलं जाई, असं तिच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे. शार्लट १९३७ मध्ये गेली. पुढे मर्लनं एका जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं. चित्रकाराला सूचना होती, रंग उजळ करा. ते चित्र तिच्या घरात लागलं. आईवरचं प्रेम खोटं नव्हतं. ते भिंतीवर टांगण्यासाठीही रंग बदलावा लागला, हे भयंकर आहे.

पण मला आणखी एक गोष्ट दिसते. ‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या चित्रपटासाठी मर्लला उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन होतं. आशियाई वंशाच्या स्त्रीला हे नामांकन तोवर कधी मिळालं नव्हतं, आणि ही गोष्ट तिला उघडपणे सांगता आली नाही. गोऱ्यांच्या त्या उद्योगात गोऱ्या नसलेल्या नट्यांना कसं वागवलं जातं, हे तिच्याइतकं आतून कुणी पाहिलं नसेल. त्यावर ती एक शब्द बोलू शकली नाही. १९७८ मध्ये टास्मानियातल्या होबार्टनं आपली लेक म्हणून तिचा सत्कार ठेवला, तिथंही तिला धडपणे हो म्हणता येईना की नाही म्हणता येईना. पुढच्याच वर्षी ती वारली. खरं जगापुढे आलं ते १९८३ च्या चरित्रातून, तिच्या पश्चात. अभिमान आणि तक्रार दोन्ही तिच्याबरोबर गेली.

आपल्या साहित्यात हे बाबुराव बागुलांनी सर्वांत नेमकं पकडलं. १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला निवेदक जात झाकून राहतो. त्याच कथेत काशीनाथ आहे. तो जात झाकत नाही. म्हणून त्याला त्रास जास्त होतो आणि म्हणूनच त्याला भांडताही येतं. तो अंगावर धावून जातो, ठणकावून बोलतो. निवेदक हे सगळं पाहतो. त्याला बाजू घ्यायची असते. पण बाजू घेतली तर आपण कोण ते कळेल. ही घुसमट मला शेवटच्या मारहाणीपेक्षा क्रूर वाटते. मार खाणाऱ्याला निदान शत्रू दिसतो. आपल्या माणसाचा अपमान होत असताना मान खाली घालून काम करणाऱ्याला शत्रू स्वतःमध्येच दिसू लागतो.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणणाऱ्यांनी कायद्याकडे पाहावं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा अपमान झालेल्या माणसाच्या बाजूनं आहे. पण त्याच्या अनेक कलमांना एक अट आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे, हे आरोपीला माहीत असावं लागतं, किंवा त्या कारणानंच गुन्हा झालेला असावा लागतो. २०१५ च्या दुरुस्तीनं एक दिलासा दिला. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. तरतूद योग्य आहे. पण ती ओळखीवर उभी आहे.

आता कार्यालयातला तो पवार घ्या, ज्यानं समोरच्याची चूक दुरुस्त केली नाही. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले जातात. कुणीतरी राखीव जागांवरून बोलायला लागतं, मग जातीवर येतं, मग जातीचं नाव घेऊन शिवी येते. ती पवाराला दिलेली नसते. त्याला आपल्यातला समजूनच ती त्याच्यासमोर दिली जाते. त्यानं हसावं अशी अपेक्षा असते. अपमान पुरता झालेला आहे, आणि तरी त्या टेबलावर कुणीही त्याचा अपमान केलेला नाही. शिवी देणाऱ्याला त्याची जात ठाऊक नाही, म्हणून या कायद्यानं ‘माझा अपमान केला’ अशी तक्रार उभी करणं जवळपास अशक्य. आणि करायचीच म्हटली तर पहिलं कागदपत्र लागेल जातीचा दाखला. जे झाकण्यासाठी इतकी वर्षं गेली, ते आधी टेबलावर ठेवायचं आणि मग बोलायचं. बडोद्याच्या धर्मशाळेत जे झालं, तेच इथं डबे उघडलेले असताना होतं. फक्त काठ्या नसतात.

आणि उघडं पडलंच, तर पहिलं वाक्य ठरलेलं आहे. आम्हाला आधी का नाही सांगितलंत? घरमालक हे म्हणतो, सहकारी म्हणतो, मुलीचा बाप म्हणतो. या प्रश्नात दुखावल्याचा सूर असतो आणि तो बऱ्याचदा खराही असतो. पण आधी सांगितलं असतं तर खोली मिळाली असती का, हा उलट प्रश्न कुणी विचारत नाही. ज्याला विचारायला हवा होता, तो तेव्हा सफाई देण्यात गुंतलेला असतो. वही ठेवणारा, वहीत कोणती नावं चालतील हे ठरवणारा, पैसे घेऊन डोळेझाक करणारा, या तिघांना मोकळं सोडून आपण फक्त सही करणाऱ्याला धरतो. जात लपवणाऱ्याला भ्याड म्हणणारे आपल्या चळवळीतही आहेत. मला ते पटत नाही. सव्वीस वर्षांच्या आंबेडकरांनी जे केलं त्याला भ्याडपणा म्हणायची कुणाची छाती आहे? डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला छपरासाठी नाव बदलावं लागलं, तर हिशेब छपराच्या मालकानं द्यायचा.

बडोद्याच्या आठवणी आंबेडकरांनी अठरा वर्षांनी लिहिल्या. आजही आठवण झाली की डोळ्यांत पाणी येतं, असं तेव्हाही त्यांना लिहावं लागलं. म्हणजे ते लेखन १९३५ च्या सुमाराचं. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ते येवल्याला उभे राहिले आणि हिंदू म्हणून मरणार नाही, असं भर सभेत जाहीर केलं. धर्मांतरावर पुष्कळ बोललं जातं. मला त्यात बडोद्याच्या वहीचं उत्तर दिसतं. त्या वहीत नाव गुपचूप बदललं होतं, एका खोलीसाठी, एका माणसापुरतं. येवल्याला बदल आधी सांगितला गेला, मोठ्यानं, सगळ्यांसाठी. आपण कोण होतो हे त्यात झाकलेलं नव्हतं. ते पहिल्यांदा सांगूनच पुढचं सांगितलं होतं.

त्यानंतर देशभरातून प्रश्न आले. त्यांत काठ्या घेतलेल्या बारा जणांपेक्षा कितीतरी मोठी माणसं होती. १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ निघालं. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. आंबेडकरांनी ती टीका जशीच्या तशी दुसऱ्या आवृत्तीत छापली आणि खाली मुद्देसूद उत्तर दिलं, स्वतःच्या नावानं.